शंभर चौकोनांत जालन्याची साक्षरता

“आकडा सांगितला की काम होतं, मग दर वेळी ते शंभर चौकोन कशाला काढत बसता?” गावातल्या बैठकांत साक्षरतेचे आकडे मी शंभर चौकोनांच्या तक्त्यात दाखवतो, तेव्हा हा प्रश्न मला विचारला जातो.

बचत गटाच्या बैठकीत बसलेल्या बाईला शेकड्याचा हिशेब समजत नाही, असे मी कधीच मानले नाही. महिना शेकडा दोनने घेतलेल्या कर्जाचे व्याज ती कागद न घेता सांगते. अडचण वेगळीच आहे. “जालना जिल्ह्यात स्त्रियांची साक्षरता ६१ टक्के” हे वाक्य ऐकताना तिच्यापुढे रक्कम नसते आणि माणसेही नसतात, फक्त एक आकडा असतो. तो कमी आहे की बरा आहे, हे ठरवायला हाताशी काहीच नसते. शाळेत दहावीला ६१ टक्के म्हणजे पहिला वर्ग, म्हणून पुष्कळांना हा आकडा चांगलाच वाटतो. चौकोनांचा तक्ता, ज्याला वॉफल चार्ट म्हणतात, त्यात मात्र रंगवलेल्या ६१ चौकोनांबरोबर न रंगवलेले ३९ चौकोनही समोर दिसत राहतात आणि त्यांच्याकडे बोट दाखवून बोलता येते.

२०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता सुमारे ८२ टक्के आणि स्त्रियांची सुमारे ६१ टक्के होती, तर संपूर्ण महाराष्ट्रातील स्त्रियांची सुमारे ७६ टक्के. या तीन आकड्यांसाठी मी तीन तक्ते शेजारी शेजारी काढतो, प्रत्येक तक्ता दहा ओळींचा आणि दर ओळीत दहा चौकोन. रंग खालच्या ओळीपासून डावीकडून उजवीकडे भरत वर जातो. पुरुषांच्या तक्त्यात आठ ओळी भरून नवव्या ओळीत दोन चौकोन येतात, तर जालन्यातील स्त्रियांच्या तक्त्यात सहा ओळी भरून सातव्या ओळीत एकच. दोन ओळींहून थोडे अधिक अंतर आहे हे मोजण्याआधीच दिसते आणि ज्याला खात्री करायची असेल त्याला मोजताही येते. ही मोजण्याची सोय पाय चार्टमध्ये नाही. दोन वर्तुळांत एकात ७२ आणि दुसऱ्यात ७६ टक्क्यांची फोड असेल, तर कोणती मोठी हे डोळ्याला सांगता येत नाही, कारण कोनांची तुलना करण्यात आपली नजर कच्ची असते. मग प्रत्येक फोडीवर आकडा लिहावा लागतो, आणि आकडाच वाचायचा असेल तर वर्तुळ कशाला काढायचे?

तक्ता हाताने करायचा तर प्राथमिक शाळेतली गणिताची चौकटीची वही पुरते. संगणकावर करायचा झाल्यास कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये A1 ते J10 या शंभर खणांत पुढील सूत्र भरावे, म्हणजे सर्वांत खालच्या ओळीत १ ते १०, तिच्या वरच्या ओळीत ११ ते २० असे क्रमांक येतात:

```
=(10-ROW())*10+COLUMN()
```

नंतर L1 या खणात टक्केवारी पूर्णांकात लिहावी, पूर्ण पट्टा निवडून `Conditional Formatting` मध्ये पुढील नियम द्यावा आणि भरण्याचा रंग निवडावा:

```
=A1<=$L$1
```

खणांमधले क्रमांक लपवण्यासाठी आकड्यांचे स्वरूप `;;;` असे ठेवावे आणि ओळींची उंची व स्तंभांची रुंदी पिक्सेलमध्ये सारखी करावी. L1 मधला ६१ बदलून ८२ केला की दुसरा तक्ता तयार. न रंगवलेल्या खणांना बारीक किनार द्यायला विसरू नये. किनार नसेल तर रिकामे खण कागदाच्या पांढऱ्यात मिसळून जातात आणि बघणाऱ्याला ६१ चौकोनांचा एक ठिपका दिसतो, शंभरातला वाटा दिसत नाही. रंगही असा निवडावा की काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तो रिकाम्या खणांहून वेगळा उमटेल, कारण गावात शेवटी झेरॉक्सच फिरते. निरक्षरांचे खण लाल करण्याची पद्धत मला मुळीच आवडत नाही. सभेत बसलेल्यांपैकी काहीजणी त्याच खणांत असतात.

सर्वाधिक काळजी मात्र रंगापेक्षा एका प्रश्नाची घ्यावी लागते: हे शंभर कोण? जनगणनेचा साक्षरता दर सात वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकसंख्येवर काढलेला असतो, त्यापेक्षा लहान मुले त्यात धरलेलीच नसतात. त्यामुळे तक्त्याच्या डोक्यावर “जालना जिल्ह्यातील १०० स्त्रिया” असे लिहिले तर ते चुकीचे ठरते. “सात वर्षांवरील १०० मुली व स्त्रियांपैकी” असे लिहावे लागते. सात वर्षांखालच्या मुलींना धरून शंभर केले, तर रंगवलेले चौकोन सुमारे आठ-नऊने कमी होतील, कारण लेकरे शंभरात येतील आणि साक्षरांत येणार नाहीत. आकडा बिघडत नाही, शंभर बदलतात. म्हणूनच एका कागदावर जनगणनेचा तक्ता आणि शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील स्त्रियांच्या साक्षरतेचा तक्ता लावणे मला मान्य नाही. त्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा विचार होतो, वयस्कर स्त्रिया बाहेर राहतात आणि साक्षरता ठरवण्याची रीतही वेगळी असते. दोन्ही तक्त्यांत शंभरच चौकोन असल्यामुळे ते एकमेकांशी तुलना करण्याजोगे दिसतात, आणि हा फसवेपणा नुसत्या आकड्यांपेक्षा चित्रात अधिक असतो.

याच ओघात सभेत हमखास येणारा प्रश्न असतो तो सहीचा. मंठा तालुक्यातल्या एका बैठकीत एका आजीबाईंनी तक्त्याकडे बोट करून विचारले होते, “मला माझी सही येती बाबा, मग मी रंगातली का बिनरंगातली?” जनगणनेच्या व्याख्येनुसार कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी, सात वर्षे किंवा त्याहून मोठी व्यक्ती साक्षर होय. शाळेचा दाखला लागत नाही, पण नुसती सही पुरत नाही, आणि वाचता येते पण लिहिता येत नाही अशी व्यक्तीही साक्षर गणली जात नाही. हे त्यांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग वरच्या रांगेत धरा.” त्या वेळेपासून तक्त्याखाली मी व्याख्येचे एक वाक्य लिहितो. हाच प्रश्न नुसत्या टक्केवारीवर कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. चौकोन दिसला की माणूस त्यात स्वतःची जागा शोधतो, आणि व्याख्या सांगण्याची संधी तिथेच मिळते.

मात्र एक चौकोन म्हणजे एक बाई, असाही समज त्यातून होतो. तो शंभरांपैकी एक या अर्थाने ठीक आहे, पण जिल्ह्याच्या तक्त्यात एकेका चौकोनामागे हजारो स्त्रिया असतात, हे तोंडाने सांगावेच लागते. नाहीतर ३९ रिकामे चौकोन पाहून कुणी “एवढ्याच राहिल्या का?” असे म्हणते.

अपूर्णांकांचे काय, हा प्रश्न बहुधा कार्यालयातले लोक विचारतात. २०११ च्या जनगणनेत जालन्याचा एकूण दर ७१.५२ होता. त्यासाठी ७१ चौकोन पूर्ण आणि ७२ वा अर्धा रंगवावा, असा आग्रह मी ऐकलेला आहे. सामान्य बघणाऱ्याला अर्धा चौकोन म्हणजे अर्धवट साक्षर माणूस वाटतो, म्हणून मी ७२ पूर्ण रंगवतो आणि खाली ७१.५ लिहितो. दोनच भाग असतील तर पूर्णांक करण्याने काही बिघडत नाही, कारण एक भाग ठरला की उरलेला आपोआप ठरतो. तीन भाग आले की भानगड होते. समजा वाटे ४०.३, ३५.४ आणि २४.३ आहेत. प्रत्येक जवळच्या पूर्णांकात आणला तर ४०, ३५ आणि २४, म्हणजे ९९ होतात आणि एक चौकोन बेवारस राहतो. तो ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा, त्याला, म्हणजे इथे ३५.४ ला द्यावा.

दोन जनगणनांचे तक्ते शेजारी लावताना मी अधिक सावध असतो. महाराष्ट्रातील स्त्रियांची साक्षरता २००१ मध्ये सुमारे ६७ टक्के होती आणि २०११ मध्ये सुमारे ७६. चौकोनांत नऊची भर दिसते आणि बघणाऱ्याच्या मनात लगेच गोष्ट तयार होते की, शंभर बायकांपैकी आणखी नऊ जणी दहा वर्षांत शिकल्या. वस्तुतः हे शंभर तेच नाहीत. दहा वर्षांत शाळेत गेलेल्या मुली सात वर्षांच्या पुढे जाऊन या गणतीत आल्या आणि न शिकलेल्या म्हाताऱ्या बायांपैकी अनेकजणी वारल्या. प्रौढपणी कुणी अक्षरे गिरवली असतील तर त्यांचाही वाटा आहे, पण चौकोनांतून या तिघांची फोड कळत नाही. प्रौढ साक्षरता वर्गाचे यश दाखवण्यासाठी असे दोन तक्ते वापरलेले दिसले, की मी प्रथम वयोगटानुसार आकडे मागतो. पस्तिशीच्या पुढच्या स्त्रियांचा स्वतंत्र तक्ता काढला तरच त्या दाव्यात काही अर्थ राहतो.

चार-पाच वर्षांचा कल दाखवायचा असेल तर चौकोनांच्या रांगा लावण्यापेक्षा साधी रेघ बरी, आणि अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक असेल तर या तक्त्याच्या वाटेला जाऊच नये. वस्तीच लहान असेल, समजा तांड्यावर मोठ्या स्त्रिया एकूण ४३ आणि त्यांपैकी वाचता-लिहिता येणाऱ्या २५, तर त्याचे ५८ टक्के करून शंभर चौकोन रंगवणे म्हणजे नसलेल्या ५७ बायका चित्रात आणणे होय. तिथे ४३ चौकोन काढावेत, २५ रंगवावेत, आणि टक्केवारी हवीच असेल तर ती पंचायत समितीला जाणाऱ्या अहवालात लिहावी.