मंगळवार, रात्री पावणेबारा

आत्ता लॅपटॉप बंद केला. डोळे चुरचुरतायत आणि कानात अजून त्या दोन माणसांचा आवाज घुमतोय. झोपायच्या आधी हिशोब लिहून ठेवते, नाहीतर सकाळी मीच माझी समजूत घालून मोकळी होईन.

साइड इन्कमचे बरेच पर्याय बघितले होते. ट्यूशन नको, कारण दिवसभर मीटिंगा झाल्यावर अजून बोलायचं त्राण नसतं. काही विकायचं नाही, कारण लोकांचे फोन घ्यायला लागतात. शेवटी ट्रान्सक्रिप्शन धरलं, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकायचं आणि टाइप करायचं. कोणाशी बोलणं नाही, घरातून हलणं नाही, टायपिंग माझं बरं आहे. वाटलं हे तर आपल्यासाठीच आहे.

फसले ती "तासाला" या शब्दावर. दर असतो तो ऑडिओच्या तासाचा, माझ्या तासाचा नाही. ऑफिसमध्ये मला एका तासाचे जे पडतात ते १०० धरले तर इथला दर ऑडिओच्या मिनिटाला ६, म्हणजे ऑडिओच्या तासाला ३६०. साडेतीनपट! मी तर मनातल्या मनात खर्चसुद्धा करून टाकले होते.

मग पहिली फाइल आली, ४० मिनिटांची मुलाखत. एक जण माइकजवळ, दुसरा बहुतेक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वर पंख्याची घरघर. स्पीड ७० टक्क्यांवर आणून, दर वाक्याला तीन सेकंद मागे जाऊन टाइप करत बसले. नुसतं टायपिंगच ३ तास ५० मिनिटं. मग पूर्ण ऐकत तपासायला ५०, त्यांनी दुरुस्त्या पाठवल्या त्याला १५, आणि बिल, ईमेल वगैरेला १०. एकूण ३०५ मिनिटं, म्हणजे ऑडिओच्या एका मिनिटामागे माझी साडेसात मिनिटं गेली. तासाला पडले ४७. ३६० वरून डायरेक्ट ४७, आणि ते पण महिन्याभराने खात्यात येणार, त्यातून टॅक्स बाजूला काढायचा तो वेगळाच.

बरं, नवीन आहे म्हणून वेळ लागतोय असं मानलं. सरावलेल्या माणसालाही स्वच्छ ऑडिओच्या तासाला चारेक तास लागतातच म्हणे, म्हणजे मी कितीही फास्ट झाले तरी ९० च्या आसपासच अडकणार. ऑफिसएवढे सुद्धा नाहीत.

पण खरी गंमत आज कळली. गेल्या शनिवारी सकाळी २० मिनिटांची फाइल केली होती, सगळं धरून ११० मिनिटं लागली. आज त्याच मुलाखतीचा पुढचा भाग, तेवढाच २० मिनिटांचा, तीच दोन माणसं, तोच माइक, पण ऑफिसवरून येऊन केला. १८० मिनिटं! शनिवारचे ६५ आणि आजचे ४०, काम तेच. हात काही हळू चालत नव्हते, मी तेच वाक्य चार-चारदा ऐकत होते आणि तरी डोक्यात शिरत नव्हतं.

आणि चूक कसली केली बघा. तपासताना ००:१४:३२ ला तो माणूस म्हणतो "आम्ही ते करणार नाही", आणि मी लिहिलंय "आम्ही ते करणार". "नाही" जरा पुटपुटला होता, मी गाळलं. चुकीचं स्पेलिंग निदान डोळ्याला टोचतं, पण हे वाक्य दिसायला एकदम ठीक, फक्त अर्थ उलटा. दुसऱ्यांदा ऐकलं म्हणून सापडलं, आणि दमल्यावर पहिल्यांदा मनात येतं ते हेच की दुसऱ्यांदा ऐकणं राहू दे.

तर सोडायचं का? सोडत नाहीये. ऑफिसात ओव्हरटाइम मिळत नाही, त्यामुळे शनिवारचे ते दोन तास मी १०० ला कुठे विकणार होते? तिथे ६५ मला चालतात. रात्रीचे ४० मात्र नाही परवडत, कारण त्याची भरपाई बुधवारी ऑफिसात जांभया देऊन होते आणि ती हिशोबात कुठेच दिसत नाही. आता फाइल घ्यायच्या आधी मधली दोन मिनिटं ऐकायची (सुरुवातीला सगळेच नीट बोलतात, गोंधळ मध्ये असतो), ती दोन मिनिटं टाइप करायला आठपेक्षा जास्त लागली तर नाही म्हणायचं. आणि आठवड्याला २० मिनिटांचीच फाइल, फक्त शनिवारी. दोन महिन्यांनी ६५ चे ८० तरी झाले नाहीत तर मग बघू.

हे लिहितेय तेवढ्यात मेल आलाय, "गुरुवारपर्यंत ३५ मिनिटांची अर्जंट फाइल होईल का, दर थोडा वाढवून देऊ." थोडा म्हणजे किती ते नाही लिहिलेलं. दीडपट दिला तरी रात्रीच्या स्पीडने ६० च पडतात आणि सव्वापाच तास जागायचं. "त्यातली २० मिनिटं शनिवारी दुपारपर्यंत देऊ शकते" एवढंच लिहून पाठवलं, आता फोन सायलेंटवर.