फोटोतलं बियाण्याचं पाकीट वाचताना: भेंडीची नोंद

मागच्या नोंदीत सांगितलं होतं की उदगीरच्या मावशींनी भेंडीचं बी बरणीत भरून पाठवलं आणि पाकिटाचा फक्त फोटो पाठवला. पाकीट कचऱ्यात गेलंय, त्यामुळे हातात आहे ते एवढंच: चकाकत्या पिशवीची मागची बाजू, तीन-चार भाषांत छापलेली बारीक अक्षरं आणि मधोमध खिडकीच्या उजेडाचा पांढरा पट्टा. आमच्या परभणीच्या परसात हे बी कधी, किती खोल आणि किती अंतरावर टोकायचं ते यातूनच काढायचं होतं. बहुतेक जमलं आहे.

पहिलं काम म्हणजे मूळ फोटो मागवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यात सगळ्यात आधी दशांशाचा टिंब आणि दोन आकड्यांमधली रेघ जाते. मावशींना तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगितला. आधी खोलीच्या ओळीत ‘२३ सेंमी’ दिसत होतं, आता ‘२-३ सेंमी’ दिसलं. वीतभर खोल भेंडी कुणी टोकत नाही म्हणून हा घोळ लगेच कळतो. पण टोमॅटोच्या पाकिटावर ०.५ चा टिंब उडाला तर ‘०५’ राहतं, आणि ५ सेंमी नवख्या माणसाला अगदी खरं वाटतं. टोमॅटोचं बारकं बी तेवढ्या खोलीवरून बहुधा वर येतच नाही. म्हणून माझा एक ठोकताळा: बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोली धरायची आणि छापील आकडा त्याच्या आसपास आहे का ते बघायचं. भेंडीचं बी साधारण ५ मिमी, म्हणजे हिशेबाने एक-दीड सेंमी येतात. पाकीट २-३ म्हणतंय. मोठ्या बियांना थोडं जास्त चालतं, वरची माती लवकर सुकते हेही त्यात धरलेलं असतं. आमच्या काळ्या भारी जमिनीत मी २ च्याच बाजूला राहणार. टोकणीनंतर जोराची सर आली की वर पापुद्रा धरतो आणि खोल गेलेल्या कोंबाला तो फोडणं जड जातं.

खरी मजा अंतरात होती. ‘६० x’ स्वच्छ दिसत होतं, पण पुढचा आकडा पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला: ३०, ५० किंवा ८०, काहीही वाचा. आधी फोटोवरच प्रयोग केला. अक्षरं लाल आणि पिशवी हिरवी होती, म्हणून स्नॅपसीडमधल्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हिरवा फिल्टर लावला. हिरवी जमीन उजळते, लाल अक्षरं काळी पडतात. बाकीच्या ओळी झकास उठल्या, पण उजेडाच्या पट्ट्यात काहीच उरलेलं नव्हतं. जिथे फोटो पांढराफटक पडलाय तिथे कुठलाही फिल्टर अक्षर परत आणत नाही, तिथे घासत बसू नका.

मग पाकिटावरच्याच दुसऱ्या आकड्यांना साक्षीला बोलावलं. एका ओळीत एकरी बियाणं ३ किलो आणि दुसरीकडे ‘एका जागी २ बिया’ हे दोन्ही नीट वाचता येत होतं. सोनाराच्या छोट्या काट्यावर १०० बिया मोजून टाकल्या, ६ ग्रॅम भरल्या. म्हणजे ३ किलोत साधारण ५०,००० बिया. आता एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. अंतर ६० x ३० असेल तर एका जागेला ०.१८ चौ. मी. लागतात आणि एकरात सुमारे २२,५०० जागा बसतात. प्रत्येकी दोन बिया म्हणजे ४५,०००, वर नांग्या भरायला थोडं शिल्लक. जमलं. ५० धरलं तर जागा १३,५०० होतात, म्हणजे एका जागी जवळजवळ चार बिया. ८० धरलं तर ८,४०० जागा आणि सहा-सहा बिया. ‘२ बिया’शी मेळ बसतो तो ३० चाच.

या हिशेबाची एक खोच आहे. बियाण्याचं प्रमाण एकरी आहे की हेक्टरी ते आधी खात्रीने वाचायला हवं. हेच ३ किलो हेक्टरी असते तर ८० च्या अंतराला जवळपास २०,८०० जागा आणि एका जागी सव्वादोन-अडीच बिया आल्या असत्या, आणि मी आनंदाने चुकीचा आकडा पक्का केला असता. आमच्या फोटोत एकर स्पष्ट आहे, म्हणून निभावलं.

दुसरं म्हणजे ६० हे दोन ओळींमधलं आणि ३० हे दोन रोपांमधलं. पाकीट सरी-वरंब्यावर लावणाऱ्या शेतकऱ्यासाठी छापलेलं असतं, ओळीत माणूस फिरायला हवा म्हणून ते ६०. ग्रो बॅगमध्ये लावणाऱ्यांनी त्या ६० चं दडपण घेऊ नये, रोपारोपातलं ३० सांभाळलं की पुरे.

हंगामाचा तक्ता मात्र बेरकी निघाला. डावीकडे राज्यांची आद्याक्षरं, वर खरीप, रब्बी, उन्हाळी असे तीन रकाने आणि आत बारके ठिपके. पिशवी बियांनी फुगलेली असताना फोटो काढलाय, त्यामुळे तक्त्याच्या ओळी मधे खाली झुकल्यात. नुसत्या नजरेने बघितलं तर महाराष्ट्राच्या ओळीत रब्बीचा ठिपका दिसतो. मला तिथेच शंका आली. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा कधीकधी दहाच्याही खाली येतो, आणि भेंडीच्या बियाला थंड मातीत उगवायचा उत्साहच नसतो. फोटो मोठा करून प्रत्येक ओळीच्या छापील रेघेवर बोटाने वाकडी रेघ ओढत गेलो, ती जशी वळते तशी. रब्बीचा ठिपका वरच्या कर्नाटकाच्या ओळीतला निघाला. महाराष्ट्रापुढे खरीप आणि उन्हाळी, दोनच. खाली लगेच मध्य प्रदेश आहे, आणि दोघांचंही पहिलं अक्षर तेच, तेव्हा तिथेही जपून.

पाकीट हातात असेल तर एवढी कसरत लागत नाही. बिया एका टोकाला सारून पिशवी पुठ्ठ्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने ताणायची, फ्लॅश बंद, अंगणात सावलीत बसायचं. फोन अगदी जवळ नेऊ नका, त्याचीच सावली पडते. वीतभर वरून दुप्पट झूमने घ्या. पिशवी जराशी कलती करत चार-पाच फोटो काढले की चकाकी प्रत्येक वेळी जागा बदलते आणि एकात झाकलेला आकडा दुसऱ्यात सापडतो. शिवणीखाली दुमडलेली पट्टी उलगडायला विसरू नका, चाचणीची तारीख आणि वैधता पुष्कळदा तिथेच शिक्का मारून टाकलेली असते.

आमच्या फोटोत ती पट्टी दुमडलेलीच आहे, त्यामुळे बी किती जुनं ते कळायला मार्ग नाही. तोपर्यंत २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात. त्यातल्या १३-१४ उगवल्या तर पाकिटावरच्या किमान ६५ टक्क्यांशी जुळतं आणि एका जागी दोनच टोकेन. कमी आल्या तर तीन. टोकणी मृगाचा पाऊस होऊन वापसा आल्यावर.