आमची वाटचाल : जाहिरातीतली शेवटची तारीख

दिवाळीच्या कंपनी ऑर्डरींसाठी आम्ही दरवर्षी एक मजकूर लावतो. किमान किती बॉक्स, बॉक्सवर काय काय करून मिळेल आणि ऑर्डरची शेवटची तारीख. पुतण्याचं म्हणणं, काका, दोन ओळीत उरका, एवढं कोण वाचतं. मी त्याला म्हटलं, यातली एकही ओळ मी उगाच लिहिलेली नाही. म्हणून या वेळी वाटचाल लिहायला बसलो तेव्हा याच ओळींपासून सुरुवात केली.

दुकान वडिलांनी 1987 साली नाशकात सुरू केलं. त्यांच्यासोबत पहिल्या दिवसापासून भट्टीवर महाराज होते, मूळचे राजस्थानचे, आज पंचाहत्तरीच्या जवळ आहेत. त्यांचं लोखंडी खुरपं अजून आमच्याकडे आहे. कढईच्या तळाला घासून घासून त्याची धार एका बाजूला चंद्रकोरीसारखी झिजली आहे. नवीन खुरपी आणली, पण कतलीच्या घाण्याला महाराज तेच घेतात, कारण कढईच्या गोलाईत ते बरोबर बसतं आणि तळाला काजू धरत नाही. तळाला धरलेला काजू म्हणजे पूर्ण घाण्याला करपट वास.

आमचा किमान आकडा या घाण्यातूनच आला. पाच किलो काजूला आम्ही साडेतीन किलो साखर घेतो. गोळा उतरवून, लाटून, कडा कापून झाल्या की विकण्याजोगी आठ किलो कतली हातात येते. एका बॉक्समध्ये दोनशे ग्रॅम कतली जाते, म्हणजे एका घाण्यात चाळीस बॉक्स. म्हणून किमान चाळीस. पंचवीस बॉक्स मागणाऱ्याला आम्ही नाही म्हणत नाही, पण मग तो माल दुकानातल्या घाण्यातून जातो आणि त्याच्या निवडीचं मिश्रण देता येत नाही. अर्धा घाणा लावता येत नाही का, असं विचारतात. लावता येतो, पण मोठ्या कढईत थोडा माल पटकन आटतो आणि कतली कडक होते. लहान कढई दिवाळीत रिकामी नसते.

आता 2019 सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय तारखेचं कारण कळणार नाही.

त्याच्या आदल्या वर्षी गिफ्ट हॅम्परचा धंदा करणारा एक बाहेरचा माणूस शहरात आला. त्याची स्वतःची भट्टी नाही, मिठाई कुठून कुठून उचलायची आणि चकचकीत बॉक्समध्ये भरायची. किमान ऑर्डरची अट नाही, तारखेची अट नाही, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीसुद्धा घेतो म्हणाला. आमच्या पाच जुन्या कंपन्यांपैकी तीन त्याच्याकडे गेल्या. त्याच्या बॉक्सवर पाचशे ग्रॅम लिहिलेलं असायचं. मी एक विकत आणून बॉक्स बाजूला ठेवून मिठाई तोलली, तर चारशे दहा भरली. हे मी त्या तिन्ही कंपन्यांना जाऊन सांगितलं. एकानेही वजनकाटा मागवला नाही. ते मला अजून लागतं.

त्यामुळे 2019 मध्ये अंबडच्या एका कंपनीने 16 ऑक्टोबरला, बुधवारी, अकराशे बॉक्स मागितले तेव्हा मी हो म्हणालो. लक्ष्मीपूजन 27 ला, वाटप शुक्रवारी 25 ला. दोनशे ग्रॅम कतली, दोनशे ग्रॅम मलई पेढे, बॉक्सवर चार रंगात कंपनीचं नाव. भाव 310 रुपये. आम्ही तोवर छापील बॉक्सची ऑर्डर महिनाभर आधी घेत असू. या वेळी हातात नऊ दिवस होते.

छपाईत नाव लिहिणं हा सोपा भाग. आधी प्लेट निघते, मग मशीनवर रंग एकावर एक बसेपर्यंत शंभर-दीडशे शीट वाया जातात. पाचशेच्या खाली छापील बॉक्स परवडत नाही तो यामुळेच. पण खरा वेळ लागतो तो शाई वाळायला. शीट हाताला कोरडी लागली तरी आत शाई ओली असते, आणि तशाच शीट एकावर एक ठेवून बॉक्स घडवले की वास आतच कोंडतो. त्या वर्षी परतीचा पाऊस जायलाच तयार नव्हता, द्राक्षवाल्यांचे काय हाल झाले ते इकडे सगळ्यांना आठवतं. हवेत इतका दमटपणा होता की छापखान्यात शीट दोन दिवस पसरूनही वाळेना. छापखानेवाल्याने सांगितलं, अजून दोन दिवस द्या. माझ्याकडे दोन दिवस नव्हते.

इकडे भट्टीवर अठ्ठावीस घाणे कतलीचे आणि त्याच्या बरोबरीने पेढे. आमची नेहमीची ताकद दिवसाला आठ घाण्यांची. त्यात सोमवारी 21 ला विधानसभेचं मतदान. पॅकिंगच्या बायका दिंडोरी-पेठकडच्या, त्या मतदानाला गावी गेल्या, जायलाच हव्या होत्या. मंगळवारी संध्याकाळी बॉक्स आले. कतली लाटावी लागते गरम असतानाच, पण कापल्यावर ती जाळीवर पसरून सहा तास तरी थंड व्हायला हवी, दमट हवेत आठ. आम्ही दोन तास दिले. महाराजांनी एक वडी मधून मोडून ओठाला लावली आणि म्हणाले, ‘‘शेठ, हिच्या पोटात अजून ऊब आहे. झाकण लावू नका.’’ मी झाकण लावलं. वरून प्लॅस्टिकही गुंडाळलं, दिसायला छान दिसतं म्हणून.

गुरुवारी 24 ला, निकालाच्या दिवशी, माल पोचला. शनिवारी पहिला फोन आला : कतलीला रॉकेलसारखा वास येतो. तो शाईचा वास. मिठाईत तूप असतं, काजूचं स्वतःचं तेल असतं, आणि स्निग्ध पदार्थ आजूबाजूचा वास शोषून घेतो. भाऊबीज होऊन कंपनी उघडली तेव्हा साडेतीनशे बॉक्स परत आले. त्यातल्या पेढ्यांवर पांढरी-हिरवी बुरशी होती. गरम मालाची वाफ प्लॅस्टिकखाली झाकणाला धरली, तिचे थेंब पेढ्यावर पडले, आणि खव्याला तेवढं पाणी पुरतं. कंपनीने बिल दिलं नाही. तीन लाख 41 हजार. मी भांडलो नाही, कारण चूक माझी होती. पण त्या साहेबांनी दिवाळीआधी मला रोज तीन फोन करून घाई केली होती आणि नंतर एकदाही उचलला नाही, हे मी विसरलेलो नाही.

खवावाल्याने उधारी बंद केली. छापखान्याचे पैसे होते, काजूचे होते. दुसरी भट्टी विकली, टेम्पो विकला. भाऊ म्हणाला, आता फक्त फरसाण ठेवू. पुढच्या वर्षी करोना आला, कारखाने बंद, दुकान अर्धा दिवस. त्या 2020 च्या ऑगस्टमध्ये सातपूरच्या एका छोट्या कारखान्यातले स्टोअरचे साहेब दुकानात आले. वडिलांच्या काळापासून ते दर दिवाळीला पंच्याऐंशी बॉक्स घेत, साधे, वर फक्त एक कार्ड. हॅम्परवाला त्यांच्याकडेही गेला होता, त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. त्यांनी पूर्ण रकमेचा चेक काढून दिला, तीन महिने आधी, आणि म्हणाले, ‘‘काजू रोखीने आणा.’’ त्या चेकवर आम्ही पहिले पंचवीस किलो काजू आणले. साहेब आता निवृत्त आहेत. त्यांचा बॉक्स मी अजून स्वतः घरी नेऊन देतो.

तेव्हापासून तीन गोष्टी पक्क्या केल्या. कंपनीच्या बॉक्समध्ये खव्याची मिठाई जात नाही, कितीही आग्रह केला तरी. खवा चार दिवसांचा असतो. शुक्रवारी हातात पडलेला बॉक्स माणूस एसटीने गावी नेतो आणि भाऊबीजेला उघडतो. म्हणून कतली, बेसन लाडू, अंजीर रोल, एवढंच. दुसरं, थंड झालेल्या मालावर काचेचा कोरडा ग्लास दहा मिनिटं पालथा ठेवतो. आत धुकं धरलं तर पॅकिंग नाही. तिसरं, छापून आलेल्या बॉक्सपैकी एकात कतलीची वडी ठेवून रात्रभर बंद करतो, तशीच दुसरी वडी स्टीलच्या डब्यात. सकाळी महाराज आधी डब्यातली खातात, मग बॉक्समधली. त्यांनी मान हलवली तर बॉक्स उघडे करून आणखी दोन दिवस पंख्याखाली.

खरेदी विभागातल्या मंडळींना माझं सांगणं आहे, माझ्याकडून घ्या नाहीतर दुसऱ्याकडून. नमुना मागवाल तेव्हा तो टेबलावर सहा दिवस तसाच ठेवा आणि सातव्या दिवशी खा. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच मिठाई चांगली लागते. आणि बॉक्सशिवाय तोला.

यंदा आणखी एक गोष्ट आहे. अधिक ज्येष्ठामुळे दिवाळी उशिरा, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. सगळ्यांना वाटतं वेळ भरपूर आहे. पण अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला, आणि लगेच पितृपक्ष. त्या पंधरा दिवसांत बहुतेक कंपन्या नव्या ऑर्डरवर सही करत नाहीत. घट बसल्यावर सगळ्यांचे फोन एकदम येतात, आणि तेव्हा छापखानाही भरलेला असतो. म्हणून छापील बॉक्सची तारीख पितृपक्षाच्या अलीकडे धरली आहे. पुतण्याला मजकूर असा दिला :

‘‘दिवाळी 2026, कंपन्यांसाठी मिठाई. साधा बॉक्स आणि तुमच्या नावाचं कार्ड : किमान 40, ऑर्डर 28 ऑक्टोबरपर्यंत. साध्या बॉक्सवर छापील पट्टी : किमान 100, ऑर्डर दसऱ्यापर्यंत, 20 ऑक्टोबर. पूर्ण छापील बॉक्स : किमान 500, ऑर्डर 25 सप्टेंबरपर्यंत, नावाचं अंतिम चित्र त्याच दिवशी हवं. मिठाई : काजू कतली, बेसन लाडू, अंजीर रोल, हवं ते मिश्रण, वर्खासह किंवा वर्खाशिवाय. खव्याची मिठाई बॉक्समध्ये मिळणार नाही. लिहिलेलं वजन बॉक्स सोडून. तारखेनंतर ऑर्डर घेतली जाणार नाही.’’

पुतण्या म्हणाला, शेवटची ओळ जरा कडक वाटते, काढू का? महाराज मागे कढई घासत होते. तेच म्हणाले, राहू दे.