टी-शर्टवरचे पांढरे पट्टे

‘सकाळी धावून आलं की टी-शर्ट पिळावा लागतो, काळ्या कापडावर मिठाचे पट्टे उमटतात. मग पाणी नेमकं किती प्यायचं आणि मीठ किती घालायचं?’

आधी वजनकाटा काढा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी शिवाजी पार्कहून वरळीपर्यंत जाऊन परत आलो. निघताना अंगावर कपडे नसताना वजन ७२.४ किलो होतं. सव्वा तासाने परतलो, अंग नीट पुसलं आणि पुन्हा तसाच काट्यावर उभा राहिलो: ७१.३. (भिजलेल्या कपड्यांसकट वजन करू नका, कापडात मुरलेला घामही त्यात मोजला जातो.) वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायलो होतो. म्हणजे वजनातली १.१ किलोची घट आणि वर हा अर्धा लिटर मिळून १.६ लिटर घाम गेला, तासाला साधारण १.३ लिटर. हाच हिशेब मी जानेवारीच्या थंड सकाळी केला तेव्हा आकडा बराच खाली आला. तेव्हा दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका आणि स्वतःचाही ऋतू बदलला की पुन्हा काढा.

दमट हवेत घाम वाया जातो. अंग थंड होतं ते घाम वाळताना, गळताना नाही. हवा आधीच ओलसर असली की घाम कोपरावरून ठिबकतो, अंग तापलेलंच राहतं आणि शरीर आणखी घाम सोडतं. अशा दिवशी वेग कमी केला तर जितका फायदा होतो तितका कुठल्याही सरबताने होत नाही.

आता पाणी. गेलेलं सगळं तिथल्या तिथे भरून काढायचं नसतं. धावताना पोटाला तासाला एक लिटर पेलणंही बहुतेकांना जड जातं. वजनात दोन टक्क्यांपर्यंत घट चालते, माझ्या बाबतीत सुमारे १.४ किलो. दोन तास धावलो तर २.६ लिटर घाम जाईल. त्यातली १.४ लिटरची तूट सोसायची, उरलेलं सव्वा लिटरच्या आत प्यायचं. दर पंधरा मिनिटांनी दीडशे मिलिलिटर, म्हणजे चार-पाच घोट. तहान नसेल तर तेही कमी करतो.

कारण जास्त पिण्याचा धडा मी घेतला आहे. पहिल्या अर्ध्या मॅरेथॉनला मी तीन तास लावले आणि प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवले. संपल्यावर डोकं ठणकत होतं, उलटी झाली, बोटातली अंगठी निघेना. भोवतालचे म्हणाले, ‘पाणी कमी पडलं, अजून पी.’ तंबूतल्या डॉक्टरबाईंनी मात्र आधी विचारलं, ‘किती प्यायलात?’ आणि साधं पाणी बंद केलं. घरी आल्यावर काटा सकाळपेक्षा आठशे ग्रॅम जास्त दाखवत होता. दीर्घ श्रमात शरीर लघवी रोखून धरतं, त्यात पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि धावताना वजन वाढणं हीच त्याची सगळ्यात ठळक खूण होती. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झटके आले तर त्याला काहीही न पाजता थेट रुग्णालयात न्यावं.

म्हणून मीठ घातलं की कितीही प्यायला मोकळीक, असं समजू नका. घामात लिटरमागे साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम जातं, माणसागणिक फरक मोठा. ज्यांच्या कपड्यांवर पट्टे उमटतात त्यांचं बहुधा जास्त जात असावं, पण पट्ट्यांवरून आकडा काढता येत नाही. माझ्या २.६ लिटर घामाबरोबर चहाचा सपाट चमचाभर, म्हणजे सहाएक ग्रॅम मीठ जातं. आकडा मोठा दिसतो, पण घरी येऊन आमटी-भात, लोणचं, पापड जेवलं की त्यातलं बरंचसं परत येतं.

तासाच्या आतल्या धावण्याला साधं पाणी पुरतं. त्यापुढे मी लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ, तीन मोठे चमचे साखर आणि एक लिंबू घालतो. चव पातळ सरबतासारखी हवी. समुद्राच्या पाण्यासारखी लागली तर मीठ जास्त झालं, त्याने मळमळतं. शहाळं मलाही आवडतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, म्हणून मी त्याच्यासोबत खारे दाणे खातो. परतल्यावर घटलेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर, तेही एका दमात नाही, दुपारपर्यंत, जेवणाबरोबर. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची औषधं चालू असतील तर माझा पाव चमचा तुमच्यासाठी नाही, आधी डॉक्टरांना विचारा.