डावीकडची बाई, उजवीकडचा घोडा

'चिनी लिपी म्हणजे सगळी चित्रंच ना? आपल्या अक्षरांत नसलेलं असं तिच्यात काय असतं?'

निव्वळ चित्रं फार थोडी. मी मॅन्डरिन शिकवते आणि पहिल्या आठवड्यातच फळ्यावर 'मा' म्हणजे घोडा काढते. मग त्याच्या डावीकडे 'बाई'चं चिन्ह जोडते, की झाली आई. तिचा उच्चारही 'मा', फक्त सूर वेगळा. घोड्याच्या डाव्या अंगाला 'तोंड' जोडलं की वाक्याशेवटी येणारा, आपल्या 'का?'सारखा शब्द होतो. डोक्यावर दोन तोंडं काढली की शिवी देणं. आईचा घोड्याशी काही संबंध नाही. घोडा फक्त आवाज सांगतो आणि बाई सांगते की हा शब्द कुठल्या घरातला. बहुतेक चिनी अक्षरं अशीच जोडलेली असतात.

आपण 'वर' लिहितो तेव्हा तो नवरदेव, वरदान की वरचा मजला, हे मागच्या-पुढच्या शब्दांवरून ठरवतो. देवनागरी आवाज नेमका देते आणि तिथेच थांबते. चिनीत या तिघांना तीन अक्षरं मिळाली असती.

हा फरक कधी कधी फक्त डोळ्यांसाठीच असतो. मॅन्डरिनमध्ये 'तो' आणि 'ती' दोन्ही 'था', सूरसुद्धा तोच. पूर्वी दोघांसाठी 'माणूस' चिन्हाचं एकच अक्षर चाले. 1920च्या सुमारास कवी ल्यू बाननुंग यांनी 'ती'साठी 'बाई' चिन्हाचं अक्षर वापरावं असा आग्रह धरला आणि ते रुजलं. बोलण्यात मात्र आजही काही बदललेलं नाही. म्हणूनच चिनी माणूस इंग्रजी बोलताना ही-शीमध्ये चुकतो, तेव्हा मला त्याची घाई दिसत नाही, त्याची भाषा दिसते.

आवाजाच्या खुणेवर मात्र फार विसंबू नये. नदीच्या एका अक्षरात डावीकडे पाण्याचे तीन थेंब आणि उजवीकडे 'काम' आहे. मॅन्डरिनमध्ये काम 'गुंग', पण नदी 'ज्यांग'. यांगत्सेच्या 'छांग-ज्यांग' या चिनी नावातली तीच. दक्षिण चीनमधल्या कॅन्टनीज भाषेत नदी अजूनही 'गाँग' आहे, तिथे जुनं नातं कानाला पुसट का होईना लागतं. उच्चार सरकत गेले, अक्षर जागेवरच राहिलं. मला या लिपीतलं सगळ्यात आवडतं ते हेच.

अर्थाची खूणही ढोबळच. देवमासा आणि मगर, दोघांच्या अक्षरात डावीकडे मासा आहे. 'देवमासा' म्हणणाऱ्या आपल्याला त्यात नवल वाटायला नको. चिनी हॉटेलच्या मेनूत एखादं अनोळखी अक्षर आलं, तर डावीकडच्या माशावरून पदार्थ पाण्यातला आहे एवढं मला कळतं. उजवीकडून नाव काय असावं याचा अंदाज बांधते, आणि मागवताना वेटरला बोट ठेवून दाखवते.