मुंबईची वेळ ३९ मिनिटं मागे का राहिली

"एकच देश, एकच सरकार, मग मुंबईची वेळ १९५५ पर्यंत वेगळी कशी चालू दिली?"

भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात भूगोल शिकवलं की हे हमखास विचारलं जातं. माझं उत्तर सूर्यापासून सुरू होतं. एका रेखांशामागे सूर्याची वेळ ४ मिनिटांनी बदलते. त्यामुळे कोलकात्याचा मध्यान्ह मुंबईच्या तासभर आधी होतो, आणि भुसावळचा सुमारे १२ मिनिटं. बाजार, शाळा, कचेरी सगळं गावातल्या गावात होतं तोवर याने कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते रेल्वेचं. खानदेशातून गेलेली मुंबईची लाइन १८७० मध्ये जबलपूरला कोलकात्याच्या लाइनला मिळाली. आता स्टेशनागणिक घड्याळ वेगळं ठेवून गाड्या कशा चालवणार? म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबई आणि कोलकाता यांच्या मधली होती, आणि मद्रासला वेधशाळाही होती. त्या हिशोबाने रेल्वेचं घड्याळ भुसावळच्या सूर्याच्या साधारण १८ मिनिटं पुढे असे. गाडीला जायचं तर रेल्वेची वेळ बघायची, शेतात जायचं तर सूर्य. ज्याला सामायिक वेळ हवी होती त्याला ती मिळाली आणि बाकीच्यांना कुणी हात लावला नाही. वेगवेगळ्या वेळा इतकी वर्षं टिकल्या त्या मुख्यतः यामुळे, असं मला वाटतं.

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. आता गिरणी कामगाराच्या जागी उभं राहून बघा. भोंगा जुन्या घड्याळाने सहाला व्हायचा. नव्या घड्याळानेही तो सहालाच ठेवला, तर कामगाराला रोज ३९ मिनिटं आधी, थंडीच्या दिवसांत काळोखातच, घर सोडावं लागणार. आकडा तोच, झोप मात्र कमी. कामगारांनी विरोध केला तो याच कारणासाठी, आणि तो रास्तच होता. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, त्यामुळे सरकारी हुकूम म्हटला की लोक आधीच बिथरलेले. मुंबई महापालिकेनेही त्याच वर्षी आपली घड्याळं पुन्हा मुंबईच्या वेळेवर नेली. कोलकात्याने स्वतःची वेळ १९४८ पर्यंत जपली.

तोवर रेल्वे, तारखातं आणि रेडिओ प्रमाणवेळेवरच चालत होते. गावची वेळ पाळणाऱ्याला दिवसभर मनात ३९ मिनिटांची बेरीज-वजाबाकी करावी लागे. शिवाय स्वातंत्र्यानंतर प्रमाणवेळ परक्या सरकारने लादलेली राहिली नव्हती. जुन्या वेळेसाठी भांडायला फारसं कुणी उरलं नाही.

आसामातल्या चहाच्या मळ्यांत मात्र घड्याळ तासभर पुढे ठेवून काम करण्याची पद्धत आजही आहे. तिथे सूर्य लवकर उगवतो, आणि पानं खुडायला उजेडच लागतो.