सहा, सहा, सहा, चार

शाळापूर्व तयारी मेळाव्यात बाईंनी सांगितलं, "पहिल्या दिवशी आपण मुलांच्या पावलांचे ठसे घेणार आहोत. त्या ठशाखाली आईने नाहीतर बाबांनी मुलासाठी चार ओळी लिहून आणायच्या. जमलं तर कविता." मी लगेच मान डोलावली. कॉलेजच्या भित्तिपत्रकात माझ्या दोन कविता लागल्या होत्या, त्याची घमेंड अजून शिल्लक होती. पंधरा जूनला दीड महिना अवकाश होता. तो कसा गेला ते सांगत नाही. चौदा जूनला रात्री साडेनऊला मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसलो होतो आणि बाहेर साताऱ्याचा पाऊस पत्र्यावर वाजत होता.

सुरुवात सगळेच करतात तशी केली. 'शाळा' लिहून पुढे यमकं मांडली: बाळा, माळा, काळा, फळा, लळा, मळा. इथेच पहिली फसगत. नीट कान दिला तर 'फळा', 'लळा', 'मळा' हे एका घरातले आणि 'शाळा', 'बाळा', 'माळा' दुसऱ्या घरातले. शेवटचा 'ळा' जुळून भागत नाही, त्याच्या आधीचा स्वरही जुळावा लागतो. म्हणजे शाळेशी फळ्याचंच यमक चोख बसत नाही! मग मी 'बाळा' घेतलं. बाळा आला की पाठोपाठ 'फुलांच्या माळा' आल्या आणि त्यानंतर 'कर नाव मोठं कुळा'. माझ्या लेकीचं यात काही नव्हतं. यमक पुढे चाललं होतं आणि मी त्याच्या मागून.

बायको भांडी आवरता आवरता डोकावली. वाचून म्हणाली, "छान आहे. शेजारच्या यशलाही चालेल."

हे लागलं, कारण खरं होतं. अभिमान लिहायला बसलं की शब्द तयारच असतात. 'उंच भरारी', 'ज्ञानाचा दिवा', 'आमचं स्वप्न' हे सगळं सत्काराच्या शालीसारखं कुणाच्याही खांद्यावर बसतं. काळजीचं तसं होत नाही. माझी काळजी अगदी बारीक आणि ठरावीक होती. डब्याचं झाकण. स्टीलचा, कडीचा नव्हे, दाबून बसवायचा डबा. आजीने हौसेने आणलेला. लेकीने दुपारी तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा पोटाशी धरून ओढला आणि चिवडा फरशीवर. आता तिथे चाळीस पोरांत हिच्या झाकणाकडे कोण बघणार?

वृत्तांच्या वाटेला जायची माझी हिंमत नव्हती, लघु-गुरू मोजता मोजता पहाट झाली असती. अभंग मात्र कानात होता. आजोबांबरोबर काकड्याला जायचो तेव्हाचा. मोठा अभंग सोपा: चार चरण, पहिले तीन सहा अक्षरांचे, शेवटचा चार. यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला. म्हणजे 'शाळा' शेवटी आणायची सक्तीच नाही. अक्षरं बोटांवर मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. आणि तो चौथा चरण! तीन पावलं सारखी टाकल्यावर एक आखूड पडतं, तिथे कान थबकतो. जे सांगायचं ते तिथे ठेवायचं.

दप्तर समोर खुंटीला टांगलेलं होतं. तिने संध्याकाळी ते घालून घरभर फेऱ्या मारल्या होत्या. मागून पाहिलं की नुसतं दप्तर आणि खाली दोन पाय.

दप्तर पाठीला
पाठीहून मोठे
निघाली ही कोठे
एवढीशी

'दप्तर' कागदावर तीन अक्षरं, पण बोलताना आपण 'दप्तर्' असं दोनातच उरकतो. म्हणून हे कडवं बोलून पाहिलं तर पहिली ओळ किंचित लंगडते. चालीत म्हटलं की 'र' पुरा उच्चारला जातो आणि ओळ सरळ उभी राहते. मी हळूच गाऊन पाहिलं. बायको आतून म्हणाली, "झोपलीये ती."

आता झाकण. 'झाकण डब्याचे' सहा. 'घट्ट बसे फार' सहा. पुढे सहज आलं 'कोण उघडणार', आणि बोटावर सात भरले. एका अक्षरासाठी मी वीस मिनिटं घालवली. 'उघडणार' हा शब्दच पाच अक्षरं खातो, 'कोण'ला जागा उरत नाही. शेवटी 'उघडणार' सोडून 'काढणार' घेतलं, मग सहा झाले. चौथ्याला 'तिथे तिला' लिहून टाकलं आणि बायकोला हाक मारली.

तिने वाचलं. "कोण काढणार तिथे तिला? वर्गातून काढणारेत का हिला पहिल्याच दिवशी?"

चरण बसवायच्या नादात अर्थ घसरला होता. शेवटी असं झालं:

झाकण डब्याचे
घट्ट बसे फार
कोण काढणार
तिच्यासाठी

रात्रीचे बारा वाजले होते. बायको म्हणाली, "कविता झाली ना? आता तो डबा बदल." आणि प्लॅस्टिकचा, टिचकीचा डबा काढून ठेवला. सकाळी आजीने तो पाहिला आणि काही न बोलता पोळीभाजी परत स्टीलच्या डब्यात भरली. पहिल्या दिवशी आजीशी कोण वाद घालणार?

शाळेच्या दारात आंब्याच्या पानांचं तोरण होतं, फुगे होते, कुंकवाच्या पाण्याची परात होती. लेकीने उजवा पाय बुडवून कागदावर दाबला. अंगठा ठळक उमटला, करंगळी उमटलीच नाही. मी खाली दोन कडवी चिकटवली. आजूबाजूला रडारड चालू होती. एका मुलाने आईचा पदर दातात धरला होता. मी खाली वाकून वाक्यं जुळवत होतो, बाबा इथेच बाहेर आहेत वगैरे. त्यातलं अर्धं झालं असेल, तोवर ती गेलीसुद्धा.

स्कूटरवर बसून, पेट्रोलच्या पावतीच्या मागे लिहिलं:

बोट सोडविले
वळून ना पाही
रडलीही नाही
बाबा मात्र

हे तिसरं कडवं शाळेत दिलं नाही. ते तिच्यासाठी नव्हतंच. रेनकोट घातलेला असला की चेहरा ओला का, हे कुणी विचारत नाही, एवढी जूनची सोय आहे.

दुपारी घ्यायला गेलो तर डबा रिकामा. "झाकण कुणी काढून दिलं?" मी पहिलंच विचारलं.

"मीच काढलं. बेंचवर आपटलं एकदा." मग जरा रागावून, "बाईंनी तुझी कविता सगळ्यांना वाचून दाखवली. त्यात कोण काढणार, कोण काढणार असं का लिहिलंस? चूक आहे ते."

"मग काय लिहायचं?"

"मीच काढणार. माझी मीच."

गाडी सुरू करता करता मी हँडलवरच बोटं मोजली. 'मीच काढणार' सहा. 'माझी मीच' चार. दुसऱ्या दिवशी खोडरबर आणि पेन घेऊन गेलो, तर बाई म्हणाल्या, "अहो, लॅमिनेट केलं मी ते."